फेट्याची सावली आणि फिल्टरचा ब्रश

मागच्या महिन्यात सांगलीजवळच्या एका पतसंस्थेत संस्थापक आण्णांच्या तैलचित्राचं अनावरण झालं, हार-नारळ-भाषणं सगळं रीतसर, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की हे तैलचित्र नाहीच, जुन्या फोटोला ऑइल पेंटचा फिल्टर मारून कॅनव्हासवर प्रिंट काढलीय. मग तीन दिवस नुसती जुंपली. एक बाजू म्हणते मशीनच्या कामात जीव नसतो, कलाकाराच्या पोटावर पाय दिला. दुसरी बाजू म्हणते अहो आण्णा ओळखू येतात ना, भिंतीवर शोभतात ना, मग फरक कुणाला कळतो? मला दोन्हीकडचं पटलं नाही. जीव आहे की नाही हे कोण आणि कशाने ठरवणार? आणि फरक कुणाला कळतो म्हणणाऱ्यांपैकी त्या फ्रेमपासून हातभर अंतरावर जाऊन किती जण उभे राहिले होते? तीन दिवसांत एकानेही विचारलं नाही की त्या चेहऱ्यावर ब्रशचे फटकारे कुठल्या दिशेने गेलेत, तसेच का गेलेत, आणि रंग कुठे जाड दिसतोय आणि तिथेच का.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ती प्रिंट तैलचित्र नाही, पण कॉम्प्युटरने केली म्हणून नाही. फिल्टर फटकाऱ्याची दिशा ठरवतो ती फोटोत उजेड-अंधार कुठे बदलतो ते बघून, आणि पेंटर ठरवतो ती समोरचं डोकं, गाल, खांदा कुठे वळतो ते बघून. रंगाच्या जाडीचंही तसंच आहे. या दोन गोष्टी कधी कधी जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे चित्र उघडं पडतं. मी दोन्ही कामं केलीत म्हणून बोलतोय, साताऱ्यात एका पोर्ट्रेट करणाऱ्या काकांकडे चार वर्षं ब्रश धुतले आणि नंतर कित्येक वर्षं फोटोशॉपवर बसून अशाच प्रिंटा काढल्या. त्या पतसंस्थेत गेलो तेव्हा फ्रेमसमोर पाऊण तास उभा होतो.

आधी फिल्टरला दिशा कुठून मिळते ते बघू. आपल्याकडे माण-खटावात डोंगरउतारावर समतल चर खणतात, उताराला आडवे, म्हणजे पाणी खाली न पळता जागेवर मुरतं. फिल्टर जवळजवळ हेच करतो. फोटोतला उजेड म्हणजे उंची धरा, पांढरं म्हणजे डोंगरमाथा, काळं म्हणजे दरी. प्रत्येक ठिपक्यापाशी तो बघतो की डावी-उजवीकडे उजेड किती बदलतो आणि वर-खाली किती बदलतो, त्यावरून सगळ्यात जास्त उतार कुठल्या बाजूला आहे ते काढतो आणि त्या उताराला आडवा फटकारा मारतो. म्हणजे कडेच्या बाजूबाजूने. एक अडचण असते, मिशीचा पांढरा केस घ्या, एका बाजूने उजेड चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो, दोन्हींची सरळ सरासरी काढली तर शून्य येतं आणि केसाला दिशाच उरत नाही. म्हणून उतार त्याच्या स्वतःशीच गुणून घेतात, अधिक-उणे निघून जातं, आणि मग आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढतात. दिशा मिळाली की त्या दिशेने रंग ओढून फासायचे, आणि बारीक विस्कळीत दाणेही त्याच दिशेने ओढायचे, म्हणजे ब्रशच्या केसांच्या रेघा उमटल्यासारखं वाटतं. फोटोशॉपमध्ये Oil Paint उघडलं की Stylization, Cleanliness, Scale, Bristle Detail असे जे स्लायडर दिसतात ते हेच फासणं कमी-जास्त करतात. हे गणित हुशारीचं आहे यात वाद नाही. यातल्या एका नामांकित फिल्टरचं मूळ तर चित्रकलेत नाहीच, कुवाहारा नावाच्या जपानी संशोधकांनी 1976 साली हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा साफ करायला तो मांडला. कडा न पुसता आतला खरखरीतपणा घालवायचा, एवढंच काम. कडा शाबूत आणि आतले रंग सपाट झाले की चित्र रंगवल्यासारखं दिसतं, हे नंतर लोकांच्या उपयोगाला आलं.

आता आण्णांच्या फोटोकडे या. फोटो वाड्याच्या अंगणातला, सकाळच्या उन्हातला, ऊन डावीकडून वरून येतंय, डोक्याला फेटा आणि फेट्याची सावली कपाळावर तिरकी पडलीय, डाव्या भुवईपासून उजव्या कानशिलापर्यंत. त्या सावलीची कड फोटोत एकदम ठळक आहे. फिल्टरला तिथे मोठा उतार दिसला, त्याने समतल चर खणले, आणि कपाळावरचे सगळे फटकारे सावलीच्या कडेला धरून तिरके पळाले. आता सांगा, सावली ही वस्तू आहे का? ऊन अर्धा तास सरकलं असतं तर सावलीची कड वेगळीकडे गेली असती आणि कपाळ होतं तिथेच राहिलं असतं. पण प्रिंटमध्ये कपाळाची घडणच त्या सावलीप्रमाणे झालीय, जवळून बघितलं तर कपाळावर एक तिरकी पट्टी चिकटवल्यासारखी वाटते, जखमेवरच्या बँडेजसारखी. लांबून कुणाला हे शब्दात सांगता येणार नाही, पण त्या दिवशी दोन-तीन जण म्हणालेच की आण्णांचं कपाळ जरा विचित्र वाटतंय. म्हणजे फरक कळला होता, नाव देता आलं नाही.

याची उलटी चूक खांद्यावर आहे. आण्णांचा कोट काळा आणि मागे दाराचा अंधार, फोटोत दोन्ही जवळपास सारखे काळे. तिथे खांदा संपतो आणि दार सुरू होतं, पण उजेडात बदल नाही, उतारच नाही, मग चर कुठे खणणार? अशा सपाट जागी दिशा येते ती फोटोच्या दाण्यावरून नाहीतर स्कॅन करताना आलेल्या जेपेगच्या चौकटींवरून, म्हणून तिथे गांडुळं वळवळल्यासारख्या रेघा उठल्यात, त्या कोटावरून थेट दारात जातात आणि दारातून कोटावर परत येतात. तुम्हाला फिल्टर ओळखायचा असेल तर चेहरा बघू नका, असा एखादा सपाट अंधार किंवा सपाट आभाळ शोधा, कारण नसताना भोवरे दिसले की समजा.

पेंटरने हेच कपाळ कसं केलं असतं? आमचे काका एक वाक्य रोज म्हणायचे, आधी बोट फिरव मग ब्रश फिरव. स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवा, भुवईपासून वर केसांकडे जाताना ते मागे वळतं आणि मधून कानशिलाकडे जाताना बाजूला वळतं. ब्रश याच वळणांवरून जातो, उन्हातही आणि सावलीतही. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने सावलीचा आकार मांडायचा, नुसता डाग, त्यात फटकारा दाखवायचाच नाही. मग मध्यम उजेडाचे रंग चपट्या हॉग हेअर ब्रशने, साधारण बोटभर रुंदीचा, कपाळाच्या गोलाईवरून आडवे. हे फटकारे सावलीच्या कडेपाशी थांबत नाहीत, त्याच वळणाने आत सावलीत जातात, फक्त रंग बदलतो. त्यामुळे बघणाऱ्याला कपाळ एक सलग हाड वाटतं आणि सावली त्याच्यावरून गेलेली वाटते. सावलीची कडसुद्धा सगळीकडे सारखी ठेवत नाहीत, फेट्याच्या जवळ ती धारदार आणि जसजशी लांब जाते तसतशी कोरड्या ब्रशने मऊ, कारण सावली पाडणारी वस्तू लांब गेली की कड खरोखरच विरते. आणि तो खांदा? फोटोत दिसत नसला तरी काकांना माहीत असतं की तिथे खांदा आहे, मग कोटावर दोन-तीन रुंद फटकारे खांद्यावरून दंडाकडे उतरवायचे आणि दारावर पातळ, बिनदिशेचं काळं. दोन्हींचा रंग जवळजवळ एकच, पण फटकाऱ्याच्या दिशेनेच माणूस दारापासून सुटा होतो.

जाडीचा मुद्दा तर मला याहून मोठा वाटतो. त्या प्रिंटवर पाच फुटांवरून बघितलं तर रंग चांगला थापलेला वाटतो, उंचवटे चमकतात, खाचा काळ्या दिसतात. हे कसं केलं जातं? मघाशी ज्या केसांच्या रेघा ओढल्या त्यांनाच उंची समजायचं, त्यांच्यावर एका ठरावीक कोनातून खोटा उजेड टाकायचा, रेघेची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद करायची. किती चमकायचं ते Shine ठरवतो आणि उजेड कुठून ते कोनाचा स्लायडर. म्हणजे जाडी रंग किती लावला यावरून आलेली नाही, रेघांवरून आलीय. म्हणून ती सगळीकडे सारखी आहे, नाकाच्या शेंड्यावर जेवढी तेवढीच फेट्याच्या खालच्या अंधारात आणि तेवढीच मागच्या दारात. शिवाय आण्णांच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून येतंय आणि रंगाच्या उंचवट्यांवरचा उजेड उजवीकडून, आणि त्या हॉलमधली ट्यूब बरोबर वरून. एकाच चित्रावर तीन सूर्य उगवलेत, एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

पेंटर अंधारात रंग का थापत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. जाड रंगाला उंचवटे येतात आणि उंचवट्यांवर खोलीतला उजेड चमकतो. सावलीत असे चमकते ठिपके आले की अंधार अंधार राहत नाही, राखाडी होतो. म्हणून सावल्या पातळ, तेलकट, आतून खोल दिसतील अशा ठेवायच्या. उजेडाच्या जागी उलटं, तिथे टिटॅनियम व्हाइट मिसळलेला अपारदर्शक रंग जाड ठेवला की त्याच्या उंचवट्यांवर खोलीतला खरा उजेड अडकतो आणि कपाळाचा तो ठिपका रंगाच्या पांढऱ्यापेक्षाही जास्त उजळ वाटतो. रेम्ब्रांटने 17व्या शतकात कपाळं, नाकं, कॉलरी आणि दागिने असेच शिशाच्या पांढऱ्याने थापले आणि सावल्या पातळ सोडल्या. आण्णांच्या चित्रात जाड रंग फार तर चार ठिकाणी हवा होता: कपाळाचा उन्हातला भाग, नाकाचा शेंडा, फेट्याच्या वरच्या दोन घड्या आणि मिशीचा एक झुपका. बाकी सगळं त्यांच्यासाठी गप्प बसलं असतं. आणि खऱ्या फटकाऱ्याला सुरुवात-शेवट असतो, ब्रश टेकतो तिथे रंग भरपूर, दोन्ही कडांना दाबून वर आलेला बांध, पुढे रंग संपत जातो, केस फाकतात, खालचा थर किंवा कॅनव्हासची वीण डोकावते. फिल्टरच्या रेघेत रंग संपतच नाही, तिला संपायला कधी रंग होताच कुठे?

त्या प्रिंटवर वरून पारदर्शक जेलही लावलेलं होतं, हात लावला तर खडबडीत लागतं. ग्रुपवर एकाने हाच पुरावा दिला की बघा खरंच जाड आहे. पण जेल लावणाऱ्याने वरून खाली सरळ हात फिरवलाय, गालावर छापलेले फटकारे गोल आणि जेलचे फटकारे उभे, आणि जेलच्या उंचवट्याबरोबर रंग अजिबात हलत नाही. ट्यूब बंद करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने मारला तेव्हा हे इतकं स्पष्ट दिसलं की मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, अहो हे तर दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखं दिसतंय. छापलेल्या उंचवट्यांच्या सावल्या टॉर्च फिरवला तरी जागच्या हलल्या नाहीत, जेलच्या तेवढ्या हलल्या.

आता समोरच्या बाजूचे जे खरे मुद्दे आहेत ते घेतो, कारण ते हलके नाहीत. पहिला, फटकारा दिसणं म्हणजेच तैलचित्र का? अजिबात नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, त्यांच्यासमोर उभे राहा, त्वचेवर फटकारा शोधून सापडत नाही, इतका रंग मिसळून मऊ केलेला. मग त्या चित्रांना तुम्ही कमी तैलचित्र म्हणणार का? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो फिल्टरच्या बाजूने नाही तर विरुद्ध जातो. तैलरंग म्हणजे खडबडीत रेघा हे समीकरण फिल्टर बनवणाऱ्यांनी धरलं, पेंटरने नाही. पेंटरला फटकारा दाखवायचा की लपवायचा हे जागोजागी ठरवता येतं, मखमलीवर एक, गालावर दुसरं, दागिन्यावर तिसरं. एका स्लायडरला अख्ख्या चित्रासाठी एकच उत्तर असतं.

दुसरा मुद्दा, नक्कल काही आजची नाही. बरोबर. रविवर्म्यानेच 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घरोघर गेली, आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी तीच. त्या जातीच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा, वरून वार्निश द्यायचे, आणि युरोपात तर पुष्कळदा कागदावर कॅनव्हासची वीण आणि ब्रशचे ओरखडेसुद्धा दाबून उठवायचे, तेलरंगासारखं दिसावं म्हणून. आजचा फिल्टर आणि जेल मिळून जे करतात तेच, फक्त दगडावर. पण त्या छापाला लोक काय म्हणत? ओलिओग्राफ. त्याला स्वतःचं नाव होतं, त्या नावाने तो विकला गेला, त्या नावाने लोकांनी प्रेमाने लावला आणि आज त्याच नावाने जपला जातो. ओलिओग्राफने कुणाचं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. अनावरणाच्या पत्रिकेवर ओलिओग्राफला तैलचित्र छापलं असतं तर म्हटलं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात भक्कम, की आज फिल्टर चुकतो पण उद्या सुधारेल. हो, आणि काही अंशी कधीच सुधारलाय. ठिपके फासण्याऐवजी एकेक फटकारा स्वतंत्र ठेवायचा, आधी मोठ्या ब्रशने आणि मग जिथे तपशील हवा तिथेच बारीक ब्रशने, असे प्रोग्रॅम 1998 सालीच लिहिले गेलेत. आणि 1996 साली बार्बरा मायर यांनी अॅनिमेशनसाठी फटकारे थेट त्रिमित वस्तूच्या पृष्ठभागालाच चिकटवले होते, म्हणजे तिथे दिशा सावलीवरून नाही तर वस्तूच्या वळणावरून घेता येत होती, पेंटरसारखी. म्हणून मी म्हणत नाही की कॉम्प्युटरला हे जमणारच नाही. मी म्हणतो की वळणाची माहिती कुणीतरी द्यावी लागते. तिथे वस्तू आधीच कॉम्प्युटरमध्ये घडवलेली होती. आण्णांच्या एका जुन्या फोटोत खांदा कुठे वळतो हे त्या काळ्यात लिहिलेलंच नाही, ज्याने आण्णांना किंवा दुसऱ्या कुणालाही कोटात बघितलंय त्याला ते माहीत असतं. कोणी फोटोशॉपमध्येच बसून, फटकाऱ्याची दिशा जागोजाग हाताने देत, सावल्या पातळ आणि उजेड जाड ठेवत आण्णांना रंगवलं, तर त्याला मी बिनदिक्कत पेंटर म्हणेन, हातात ब्रश असो नाहीतर टॅबलेटचा पेन. फक्त ते चित्र तैलरंगातलं नाही एवढं खाली लिहा.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. छोट्या शाळेला, ग्रामपंचायतीला, दूध संस्थेला हाताने केलेलं पोर्ट्रेट परवडत नाही, शिवाय वेळ लागतो, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं, पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो पण कपाळावरचा जाड थर आतून सुकायला महिने घेतो, आणि पुण्यतिथी तर पुढच्या आठवड्यात असते. अशा वेळी प्रिंट लावा की, कोण अडवतंय? पण मग फिल्टर कशाला? साध्या फोटोची चांगली मोठी प्रिंट काढा, डाग-ओरखडे साफ करा, आण्णांचं कपाळ जसं होतं तसं दिसू द्या. फिल्टरने चेहऱ्यातली नेमकी तीच माहिती खाल्ली जाते जिच्यासाठी आपण फोटो लावतो, डोळ्याखालच्या सुरकुत्या आणि पापण्यांची कड सगळ्यात आधी फासली जाते, Cleanliness वाढवला की अजूनच. मी स्वतः वर्षानुवर्षं गिऱ्हाईकाला हेच करून दिलंय आणि प्रत्येक वेळी डोळे मूळ फोटोतून परत कापून वर चिकटवावे लागलेत, नाहीतर माणूस ओळखूच येईना.

पतसंस्थेत पुढच्या वर्षी माजी अध्यक्षांचं चित्र लागायचंय. मॅनेजरसाहेबांनी विचारलं म्हणून मी कोटेशनमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या. प्रिंट असेल तर खालच्या पितळी पट्टीवर 'कॅनव्हास प्रिंट' असं कोरायचं. आणि तैलचित्र मागवलं असेल तर घेण्याआधी हॉलमधली ट्यूब बंद करून बाजूने टॉर्च मारून बघायचं की उजेडातला रंग उठतो का आणि सावलीतला गप्प बसतो का. त्यांनी दोन्ही ओळी लिहून घेतल्या. आण्णांच्या फ्रेमखालची पट्टी बदलायची की नाही यावर मात्र संचालक मंडळात अजून एकमत झालेलं नाही.